प्रतिसाद: आजोबांचा तो फोटो

"नाशिकच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर आजोबांचा चेहरा नवरीच्या फोटोवर चिकटवून फिरवतायत. थांबवायला काय लिहू?"

आधी ज्याने टाकला त्याला फोन करा, ग्रुपवर नाव घेऊ नका. चारचौघांत बोललात की तो "गंमत होती" म्हणत अडून बसतो. त्याला Delete for everyone करायला सांगा. टाकून दोन-अडीच दिवस झाले की तो पर्याय जातो, म्हणून आजच. मग ग्रुपवर एवढंच:

"सगळ्यांना नमस्कार. आजोबांचा बदललेला फोटो कृपया पुढे पाठवू नका. आलेला गॅलरीतूनही काढा. दुसऱ्या ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही पुसा. पंचवटीतल्या काकांकडे पोचला असेल तर मी त्यांच्याशी बोलतो."

त्या फोटोलाच रिप्लाय करून हे लिहू नका. वर तोच फोटो छोटा दिसतो आणि न पाहिलेलेही उघडतात. "आजोबांना वाईट वाटलं" हे त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका, नाहीतर लगेच त्यांनाच फोन जातात.

आणि हो, मूळ मेसेज पुसला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून "दुसऱ्या ग्रुपवर" ही ओळ गाळू नका. हसण्याच्या इमोजी आल्या तर उत्तर देऊ नका. पुन्हा फोटो आलाच तर अ‍ॅडमिनला पुसायला सांगा, तो दुसऱ्याचा मेसेजही काढू शकतो.