आईच्या खोलीतला कॅमेरा आणि रात्री-अपरात्री येणारे खोटे इशारे

प्रगतशील_पुत्र (मूळ लेखन):
वृद्ध आई-वडील एकटे राहत असतील आणि त्यांच्या खोलीत पडल्याचे ओळखणारा कॅमेरा नसेल, तर तो मुलांचा निष्काळजीपणा आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. आजच्या प्रणालींची अचूकता ९९ टक्के आहे. अशा वेळी खासगीपणाची तक्रार म्हणजे निव्वळ चोचले आहेत. कुणाला विरोध करायचा असेल, तर कृपया आकडे घेऊन यावे.

चौकटीबाहेरचा:
आकडे मागितले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. असे ९९ टक्के बहुतेक वेळा ज्या चित्रफितींवर मोजलेले असतात, त्यांत स्वयंसेवक ठरवून पडतात. या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा पोलंडमधील झेशुफ विद्यापीठाचा संच पाहा. त्यात पडण्याच्या ३० आणि रोजच्या हालचालींच्या ४०, अशा एकूण ७० फिती आहेत. त्यांपैकी एक जरी चुकली, तरी अचूकता ९८.६ टक्क्यांवर येते. एवढ्या लहान संचावर ९९ म्हटले काय आणि ९७ म्हटले काय, तुमच्या आईच्या खोलीबद्दल त्यातून फारसे काही कळत नाही.

खोलीतला कॅमेरा चोवीस तास पाहत असतो. तो दर सेकंदाला एक निर्णय घेतो असे धरले, तर दिवसाचे ८६,४०० निर्णय होतात. त्यांतले ९९.९ टक्के बरोबर आले, तरी काहीही घडलेले नसताना दिवसातून सुमारे ८६ वेळा ‘आई पडल्या’ असे ठरेल. खरे पडणे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी होणार.

आता ज्याला आपण चोचले म्हणता त्याकडे येतो. इशारा खरा की खोटा हे ठरवण्यासाठी आपण फोनवर चित्र उघडणार. खोटे इशारे येतात ते आई पलंगाखालची पेटी काढायला वाकते, देवासमोर खाली बसते किंवा पलंगाच्या कडेला टेकून साडी बदलते तेव्हा. म्हणजे जितके खोटे इशारे, तितक्या वेळा तिची खोली नको त्या क्षणी उघडली गेली. खासगीपणाचे माप मला इथेच दिसते. कंपनीच्या धोरणपत्रकातली आश्वासने त्यानंतरची.

प्रगतशील_पुत्र:
आपला गुणाकार पाहून करमणूक झाली. लागोपाठचे सेकंद एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. आई दोन मिनिटे वाकून बसली, तर ते १२० खोटे इशारे ठरत नाहीत, एकच ठरतो. ८६ हा आकडा केवळ लोकांना घाबरवण्यासाठी आहे. माझे वडील स्वयंपाकघरात पडले, तेव्हा शेजाऱ्यांना दूधवाल्याकडून कळले. तोवर ते कित्येक तास थंड फरशीवर होते. त्या दिवशी दहा खोटे इशारे आले असते, तरी मी आनंदाने सहन केले असते.

चौकटीबाहेरचा:
चुका झुबक्याने येतात, हे मान्य. आकडा दहाने भागा. रोजचे आठ-नऊ उरतात, आणि काही आठवड्यांत घरातली माणसे सूचना बंद करून टाकतात. त्यानंतर अचूकता कितीही असली तरी तिचा उपयोग शून्य.

आपल्या वडिलांचे वाचून वाईट वाटले, पण आपल्या अनुभवातूनच माझा मुद्दा पुढे जातो. त्यांचे हाल प्रामुख्याने पडून राहण्याने झाले. तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिलेल्या माणसाला स्नायूंची हानी, शरीरातले पाणी कमी होणे आणि दाबाने होणाऱ्या जखमा गाठतात. मग यंत्राला पडण्याचा अर्धा सेकंद पकडायला का सांगायचे? ताठ उभा माणूस आधाराशिवाय कोसळला, तर कंबर जमिनीवर यायला जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद लागतो. सेकंदाला पंधरा चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला त्यात आठ-दहाच चित्रे मिळतात आणि रात्री तीही पुसट असतात. उलट, म्हातारे माणूस पुष्कळदा पलंगाच्या कडेवरून सावकाश घसरते. त्याला तीन-चार सेकंद लागतात, आणि वेगावर आधारलेली प्रणाली त्याची नोंदच घेत नाही.

मी माझ्या मावशीच्या खोलीत लावलेली व्यवस्था सांगतो. कॅमेरा कोपऱ्यात सात-आठ फूट उंचीवर आहे आणि त्याचे चित्र त्याच खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर तपासले जाते. ते इंटरनेटवर जात नाही. चित्रात पलंगाचा भाग आणि जमिनीचा भाग आखून दिला आहे. प्रणाली खांदे आणि कंबर यांच्या जागा शोधते. पायांवर विसंबता येत नाही, कारण नऊवारीत गुडघे सापडत नाहीत. खांदे व कंबर जमिनीच्या भागात आहेत, धड जवळजवळ आडवे आहे आणि साठ सेकंदांत उठण्याची हालचाल नाही, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढचे पाऊल. पूजेला बसल्यावर धड उभे असते, म्हणून तो इशारा गळतो. पुढचे पाऊल म्हणजे खोलीतला स्पीकर ‘मावशी, बरी आहेस ना?’ असे विचारतो. तीस सेकंदांत उत्तर आले नाही, तर आम्हाला फोन येतो आणि सोबत फक्त काळी बाह्याकृती येते. दीड मिनिट उशीर होतो. शेजारी किल्ली घेऊन येईपर्यंत जो वेळ जातो, त्यापुढे तो मला परवडतो.

वसुधा७४:
आपण सर्व जण ज्यांच्याविषयी बोलत आहात, त्यांच्यापैकी मी एक. माझ्या मुलाने मला न विचारता कॅमेरा बसवला. मी त्यावर टॉवेल टाकते. आपले साठ सेकंदांचे गणित चांगले आहे, पण माझी पाठ दुखते म्हणून दुपारी मी चटईवर जमिनीवरच आडवी होते. तेव्हा तो स्पीकर मला रोज झोपेतून उठवून बरी आहेस का विचारणार काय? आणि नुसती काळी आकृती पाठवली तरी साडी सोडलेली बाई साडी सोडलेलीच दिसते.

चौकटीबाहेरचा:
वसुधाताई, चटईची जागाही पलंगासारखी वगळता येते, मात्र त्या जागेवर खरोखर पडलात तर यंत्र गप्प राहील. दुपारी दोन ते चार एवढाच काळ वगळणे हा मधला मार्ग आहे. आकृतीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. तिच्याऐवजी खांदे-कंबर जोडणाऱ्या चार रेषा पाठवता येतात, पण मग फोन उचलणाऱ्याला खरे-खोटे ठरवणे कठीण होते आणि त्याला पुन्हा शेजाऱ्यांना उठवावे लागते. दोन्ही एकदम मिळत नाही.

पुणेरी_पगडी:
एवढा खटाटोप कशासाठी? गळ्यात मदतीला बोलावणारे बटण किंवा मनगटाला तसे घड्याळ बांधा, प्रश्न मिटला. शिवाय आमच्या सोसायटीच्या जिन्यात चार कॅमेरे असूनही चोर सापडला नाही, त्यामुळे माझा कॅमेऱ्यांवर विश्वास नाही.

चौकटीबाहेरचा:
चोराचा इथे संबंध नाही. बटणाबद्दल मात्र २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केंब्रिजचा एक अभ्यास आला होता, नव्वदीपुढच्या माणसांचा. ज्यांच्याकडे असे बटण होते आणि जे एकटे असताना पडून उठू शकले नाहीत, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के लोकांनी ते दाबलेच नाही.

रात्रपाळी:
मी वीस वर्षे घरोघरी रुग्णसेवा केली आहे. आपल्या सर्व चर्चेत त्या खोलीत एकच बाई राहते असे गृहीत आहे. चोवीस तासांच्या कामावरची मावशी त्याच खोलीत झोपते, तिथेच कपडे बदलते आणि दुपारी जमिनीवर पाठ टेकते. आपल्या यंत्राच्या हिशोबात ती ‘पडलेली’ आहे. दोन माणसे असली की आजी कोण आणि मावशी कोण, हे ते कसे ठरवणार? एका घरी माझ्या डुलकीची फीत मालकांनी मला कामावर पाठवणाऱ्या ब्युरोला पाठवली आणि माझा दिवसाचा पगार कापला. कॅमेरा आजींसाठी आहे, असे मला सांगितले होते.

प्रगतशील_पुत्र:
रात्रीच्या कामावर झोपणे हा आपला हक्क आहे, असे आपले म्हणणे आहे का? पैसे आम्ही देतो, घर आमचे आहे.

कलमबहाद्दर:
थांबा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार मावशींची लेखी संमती अनिवार्य आहे. मालकांवर थेट दंड होऊ शकतो.

निशिगंध_वकील:
कलमबहाद्दर, आपण कायदा अर्धा वाचला आहे. व्यक्तीने निव्वळ खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या प्रक्रियेला तो कायदा लागू नाही. फीत कंपनीच्या सर्व्हरवर गेली, तर कंपनी मात्र स्वतःला घरगुती म्हणवून घेऊ शकत नाही. पगार कापण्यासाठी ती ब्युरोकडे पाठवली, तर कारण घरगुती उरले का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. आणि प्रगतशील_पुत्र, ‘घर आमचे’ हे उत्तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ पुढे चालत नाही. कपडे बदलणाऱ्या स्त्रीचे तिला कुणी पाहणार नाही अशी अपेक्षा असलेल्या जागी चित्रण करणे, हा घरमालकासाठीही गुन्हाच आहे.

प्रगतशील_पुत्र:
म्हणजे आईचा जीव वाचवायला निघालेला मुलगा आता गुन्हेगार ठरला! आपल्या सर्वांच्या संवेदनशीलतेचे अभिनंदन.

रात्रपाळी:
आपल्याला कुणी गुन्हेगार म्हटले नाही. कपडे बदलण्यासाठी एक पडदा लावून द्या आणि फीत पगाराच्या हिशोबात वापरणार नाही, असे लिहून द्या, एवढेच म्हटले. त्यावर आपण झोपेची चौकशी केलीत.

चौकटीबाहेरचा:
दोन माणसांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. आमच्याकडे दुसरी व्यक्ती दिसताच इशारे थांबतात, कारण मदतीला कुणीतरी हजर आहे. कामावरची मावशी गाढ झोपेत असेल तर हे गृहीतक कोसळते, आणि त्यावर माझ्याकडे चांगला उपाय नाही.

लावणाऱ्यांनी एक चाचणी मात्र जरूर करावी. रात्री दिवा मालवून, मच्छरदाणी सोडून, स्वतः खोलीत ठिकठिकाणी जमिनीवर आडवे व्हावे. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत आमच्या कॅमेऱ्याला काहीच दिसत नव्हते. पलंगच आड येत होता. मच्छरदाणी इन्फ्रारेड प्रकाशात पांढरी चमकते आणि आतला माणूस नाहीसा होतो. अशा वेळी ‘माणूस दिसत नाही’ असे सांगणाऱ्या प्रणालीवर काम करता येते. ‘सर्व ठीक’ म्हणणारी काढून टाकावी.

वसुधा७४:
आणि न्हाणीघराचे काय? आमच्या वयाची माणसे घसरतात तिथेच. तिथेही चार रेषा पाठवणार?

चौकटीबाहेरचा:
नाही, तिथे कॅमेरा कधीच नको. दारावर उघड-मिटीची नोंद घेणारा सेन्सर लावावा. दार वीस-पंचवीस मिनिटे बंद राहिले तर स्पीकरवरून विचारणा होते. कडी मात्र बाहेरून उघडता येईल अशी हवी.

प्रगतशील_पुत्र:
ठीक आहे. ९९ टक्क्यांचा आकडा मी जाहिरातीतून घेतला होता, आणि आपल्यासारख्या विद्वानांना तो पुरणार नाही, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. चित्र घराबाहेर न जाऊ देणे आणि साठ सेकंद थांबणे, या दोन गोष्टी करून पाहीन. बाकी पडदे, लेखी हमी वगैरे आईला विचारून ठरवू.

रात्रपाळी:
आईंना विचारणार, हे चांगले आहे. मावशींना कोण विचारणार, ते अजून आपण लिहिलेले नाही.