मीटर नव्हे, रीडिंग चुकलंय म्हणून लिहा

> "दर महिन्याला नव्वदच्या आत युनिट, यावेळी एकदम ४४६! ऑफिसला पत्रात काय लिहू? बिल नाही भरलं तर लाईट तोडतील का?"

आधी मीटरचा फोटो काढा. डिजिटल मीटरवर तारीख, वेळ, आकडे फिरत राहतात. खाली kWh दिसेल तेव्हाचाच आकडा धरायचा. तुमच्या बिलात मागचं रीडिंग ४५१२, आताचं ४९५८. आणि आज मीटरवर ४६११ आहे म्हणता. मीटर उलटा फिरत नाही! बहुतेक ४५९८ चे ४९५८ झालेत, म्हणजे खरा वापर ८६ युनिट.

पत्रात बिलावरचा आरआर नंबर म्हणजे तुमचा ग्राहक क्रमांक, बिलाची तारीख, हे आकडे लिहून सुधारित बिल मागा. 'मीटर खराब' लिहू नका, नाहीतर प्रकरण मीटर तपासणीत अडकेल. आजचा आकडा ४९५८ च्या पुढे असता तर तपासणीच मागायला हवी होती.

कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा उल्लेख हवाच. २०० युनिट ओलांडले की सगळंच बिल भरावं लागतं, त्यामुळे तुमची सवलत या चुकीनेच गेलीय.

तोडण्याबद्दल: वीज कायदा २००३, कलम ५६. बिलात मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची सरासरी, यांतलं जे कमी ते 'हरकत राखून' भरलं तर वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. हे वाक्य पत्रात घालाच.

अर्ज कानडीत लिहून घेतलात तर टेबलावर लवकर हलतो (पटो न पटो). दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय मात्र खिडकी सोडू नका.