अनुभव धागा: परत केलेली छत्री

पायरीवरचा

मागच्या महिन्यात घडलेला प्रसंग मी आधी दीड पान लिहिला होता. खोडत खोडत एवढाच उरला:

*पाऊस उघडला. मंगळवारी वाचनालयाच्या त्याच पायरीवर त्या बसलेल्या दिसल्या. मी त्यांची जुनी छत्री पुढे केली. वाळवलेली, नीट गुंडाळलेली, मोडकी काडी दुरुस्त केलेली. त्यांनी ती उघडली, एकेका काडीवरून बोट फिरवत गेल्या आणि सहाव्या काडीपाशी थांबल्या.*
*"इथं निळा दोरा होता," त्या म्हणाल्या.*

गोष्ट एवढीच. त्या रागावल्या नाहीत, मला धन्यवादही दिले. पण तेव्हापासून माझ्या मनातून तो दोरा जात नाही. आदल्या आठवड्यात मुसळधार पावसात त्यांनी ओळखदेख नसताना छत्री माझ्या हातात दिली होती. "मला न्यायला येणार आहेत, तुम्ही घेऊन जा, मी मंगळवारी इथंच असते," एवढंच बोलणं झालं. घरी आल्यावर पाहिलं तर एक काडी मधोमध मोडलेली आणि तिच्यावर दोऱ्याचे दाट वेढे. मला वाटलं, उपकाराची फेड म्हणून एवढं तरी करावं. वेढे कात्रीने कापले आणि काडी नीट केली.

अनोळखी माणसाची छत्री तुम्ही कधी परत केली आहे का, किंवा तुमची कुणी परत आणून दिली आहे का? ती कशा अवस्थेत परत गेली किंवा आली, तेही लिहा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

रेघोट्या

गोष्ट आवडली. एकच शंका. छत्री गोल असते, मग सहावी काडी कुठून मोजायची? वाचताना मी तिथेच अडकले.

पायरीवरचा

बंदापासून. गुंडाळलेली छत्री बांधायचा जो बंद असतो, तो ज्या काडीजवळ शिवलेला आहे ती पहिली. त्यांनी बोट तिथूनच फिरवायला सुरुवात केली होती, म्हणून मला आकडा लक्षात राहिला.

काडीकाम

बरोबर आहे, आमच्याकडेही बंदापासूनच मोजत. माझे वडील छत्र्या दुरुस्त करायचे. शाळेतून आले की मी त्यांच्या शेजारी बसून काड्यांच्या टोकांना कापड शिवून द्यायची, म्हणून हे वाचून राहवलं नाही.

पायरीवरचा, तुम्ही काडी नेमकी कशी दुरुस्त केलीत? आधी ते सांगा, मग पुढचं बोलू.

पायरीवरचा

घरात एक मेलेली छत्री पडून होती. तिच्या काडीचा बोटभर तुकडा कापला, मोडलेल्या जागेवर आधार म्हणून लावला आणि बारीक तारेने दोन्हीकडे आवळला. तारेची टोकं कापडाच्या उलट बाजूला वळवली.

सरळमार्गी

इतका खटाटोप कशाला? छत्रीची काडी नळीसारखी पोकळ असते. आत एक जाड सुई सरकवायची आणि वरून चिकटद्रव्याचे दोन थेंब सोडायचे. मी दोनदा केलं आहे. आणि छत्री परत करण्याआधी कडक उन्हात पूर्ण उघडून वाळवावी, म्हणजे वास राहत नाही.

काडीकाम

सुई बसली असेल, कारण आत जागा असतेच. पण काडी नळी नसते, पन्हळ असते. एका बाजूने उघडी. काडी उलटी धरून नखाने चाचपून पाहा, खाच लागेल. काडीला असा पन्हळीचा आकार द्यायची कल्पना इंग्लंडमधल्या सॅम्युअल फॉक्सची, 1852 मधली. त्याआधी देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्यांच्या काड्या करत, त्या जड असत आणि भिजून खराब होत. पन्हळीमुळे थोड्या पोलादात ताकद येते. दुरुस्तीचाही मार्ग त्यातूनच निघतो. एका पन्हळीत दुसरी पन्हळ बेमालूम बसते. त्यामुळे पायरीवरचा यांनी केलं ते काम अगदी आमच्या वडिलांच्या पद्धतीचं आहे. चिकटद्रव्य मात्र टिकत नाही. वाऱ्यात काडी सारखी वाकते आणि सरळ होते, तिथे कडक झालेला थेंब तडकतो.

उन्हाचं म्हणाल तर वास जातो हे खरं. पण उन्हाने कापडाचा रंग उतरतो आणि धागा विरतो. सावलीत, वारा लागेल अशी, अर्धवट उघडी ठेवावी. ओली गुंडाळून ठेवली तर सांध्यांवर आधी गंज धरतो. सगळ्या काड्या वरच्या टोपीत ज्या एका बारीक तारेत ओवलेल्या असतात, ती तार गंजून तुटली की काड्या सुट्या होतात. परत आलेली छत्री कशी ठेवली होती, हे त्या तारेकडे पाहून कळतं.

सरळमार्गी

आत्ता काडी उलटी करून पाहिली. खाच आहे. उन्हाबद्दल मात्र मी अजून साशंक आहे, माझी छत्री सात वर्षं उन्हातच वाळते आहे.

मागचंबाकडं

मलाही मदत हवी आहे. माझी काळी छत्री, लाकडी मुठीची, गेल्या आठवड्यात प्रवासात राहिली. मुठीवर दाताच्या खुणा आहेत, धाकट्याने लहानपणी चावलेल्या. कुणाला सापडली तर कळवा.

रेघोट्या

मागचंबाकडं, हा धागा हरवलेल्या छत्र्यांचा नाही, पण ज्या गाडीत राहिली तिथल्या हरवल्या-सापडल्याच्या कक्षात दाताच्या खुणांचं नक्की सांगा. काळ्या छत्र्यांच्या ढिगात तेवढीच ओळख पटेल.

संथवाहते

माझा अनुभव उलटा आहे आणि अजून बोचतो. एका तरुणाला मी माझी छत्री दिली. मुलगा चांगला, आठवणीने परत आला. पण हातात कोरी करकरीत छत्री. म्हणाला, "तुमची फार जुनी झाली होती, वाऱ्यात उलटीही झाली, म्हणून टाकून दिली." त्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता, मला दिसत होतं. मी हसून घेतली. ती छत्री माझ्या आईची होती. उघडताना मधली कळ अंगठ्याने जरा डावीकडे दाबावी लागायची, नाहीतर बोट चिमटायचं. आई गेल्यावर तीन पावसाळे माझा अंगठा आपोआप डावीकडे जायचा. नव्या छत्रीवरही कितीतरी दिवस जात राहिला.

उलटी झालेली छत्री बहुतेक वेळा मेलेली नसते हो. मिटायची, हलक्या हाताने काड्या सरळ करायच्या. हे त्याला कुणी सांगितलं असतं तर.

परतीचीवाट

मी परत न केलेल्यांपैकी आहे. अकरा वर्षं झाली. परीक्षेच्या दिवशी एका काकांनी फाटकापाशी छत्री दिली, मी नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही, धावत आत गेले. बाहेर आले तर ते नव्हते. पुढचे चार दिवस पेपर संपला की फाटकापाशी अर्धा तास उभी राहायचे. छत्री अजून आहे. वापरत नाही. दर पावसाळ्याआधी उघडून, पुसून, पुन्हा ठेवते. ती वापरावी की नाही हे मला आजही ठरवता येत नाही.

काडीकाम

वापरा. नुसत्या ठेवलेल्या छत्रीचं कापड घडीच्या रेषेवर फाटतं.

ओळीमोजणारा

मी गोष्टीबद्दल लिहितो. "मोडकी काडी दुरुस्त केलेली" हे शब्द काढले तर? शेवटचं वाक्य जास्त जोरात आदळेल. आत्ता वाचकाला आधीच सुगावा लागतो.

संथवाहते

काढू नका. ते काढलं तर त्याने दोरा नुसताच तोडला असं वाटेल. त्याने प्रेमाने केलं, आणि तरी दोरा गेला. ही दोन्ही वाक्यं एकत्र हवीत.

पायरीवरचा

ओळीमोजणारा, तुमचा बदल करून पाहिला. गोष्ट जास्त चटपटीत होते हे मान्य. पण मग मी तिच्यात खोटा दिसतो. तसंच ठेवतो.

काडीकाम, तुम्हाला विचारायचं राहिलं. तुम्ही "पुढचं बोलू" म्हणाला होतात.

काडीकाम

हो. वडिलांचा एक रिवाज होता. दुरुस्तीत काढलेली कुठलीही गोष्ट, गंजकी तार असो की फाटक्या कापडाची कळी, ते कागदात गुंडाळून छत्रीबरोबर परत द्यायचे. "टाकायचं की नाही हे आपण ठरवायचं नाही," म्हणायचे. बरेच लोक तिथेच टाकून जायचे. काही जण मात्र खिशात घालून नेत.

म्हणून विचारते, तो दोरा तुम्ही फेकलात का? आणि कापताना गाठी किती होत्या ते आठवतं का? मोडलेली काडी नुसत्या दोऱ्यावर फार दिवस राहत नाही. सैल पडली की कुणीतरी पुन्हा बांधतं. वेढे पाहिले तर किती वेळा बांधलं ते सांगता येईल.

पायरीवरचा

फेकला असं समजत होतो. तुमचं वाचून शिवणाच्या डब्यात पाहिलं. कात्री तिथे ठेवली तेव्हा तुकडेही तिच्याबरोबर डब्यात गेले असावेत. कागदावर पसरून बघतो आहे.

आतले तुकडे गंजाने तपकिरी झाले आहेत, निळा रंग फक्त पिळाच्या आत दिसतो. त्यांच्यावरचे फिके निळे, उन्हाने उडालेले, पण गंजाचा डाग नाही. सगळ्यात वरचे जवळपास नवे. गाठी तीन सापडल्या. दोन सारख्या आहेत, बारीक, घट्ट, टोकं अगदी जवळून कापलेली. तिसरी, नव्या दोऱ्याची, मोठी आणि सैल आहे. टोकं बोटभर लोंबती.

रेघोट्या

तिसरी गाठ दुसऱ्या हातची आहे.

ओळीमोजणारा

किंवा त्याच हातची, म्हातारपणी.

काडीकाम

दोन्ही शक्य आहे. गाठीवरून एवढंच कळतं.

संथवाहते

मंगळवारी जाणार आहात का?

पायरीवरचा

गेले दोन मंगळवार गेलो होतो. पाऊस नव्हता, त्याही नव्हत्या. तुकडे कागदात गुंडाळून पाकिटात ठेवले आहेत, वरच्या थरापासून आतल्या थरापर्यंत, त्याच क्रमाने. या मंगळवारी पुन्हा जातो.