सीए फायनलचा दुसरा ग्रुप अडलाय : अजून द्यायचा की नोकरी धरायची?

नांदेडचा_पुण्यात : वय २८. फायनलचा पहिला ग्रुप सुटला, दुसरा तीनदा दिला. गेल्या वेळी इनडायरेक्ट टॅक्सला ६४ पडून एक्झम्प्शन मिळालं. या वेळी डायरेक्ट टॅक्स ३८, इंटिग्रेटेडला ४१. क्लास, खोली, मेस मिळून वडिलांचे साताठ लाख गेलेत. आता एका कंपनीत अकाउंट्स-जीएसटीची नोकरी चालून आलीये, हातात ३८ हजार. एवढं करून सोडवत नाही. काय करू?

सडेतोड : सोड. साताठ लाख बुडीत खाती गेले, ते आता कुठल्याच निर्णयाने परत येणार नाहीत. ते एक्झम्प्शनही जुन्याच कष्टांचं, त्यात जीव अडकवू नकोस. सहा महिने घरी बसलास तर सव्वादोन लाखांवर पगार जाईल, तो मोज.

ताळेबंद : पैशांचं म्हणणं बरोबर, एक्झम्प्शनचं चूक. मी सीए आहे, फर्ममध्ये आर्टिकल्सचे निकाल दरवर्षी बघतो. खर्च झालेले लाख पुढच्या हिशेबात येत नाहीत, पण ते ६४ येतात. ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात आणि त्यात एक्झम्प्शनचे गुण धरतात. म्हणजे उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८६ हवेत, प्रत्येकी किमान ४०. ४३-४३ पडले तरी ग्रुप सुटतो. नव्याने बसणाऱ्याला सरासरी ५० लागते. ही सवलत पुढच्या तीन अटेम्प्टपुरती, त्यातला एक तू वापरलास. त्यानंतर ती कायम ठेवता येते, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ५० लागतात.

या वेळी तुझे ७९ झाले. सात गुण कमी, म्हणून वाटतं की आलंच हातात. तसं धरू नकोस. आधीच्या दोन वेळी डायरेक्ट टॅक्सला किती होते?

नांदेडचा_पुण्यात : ३६, मग ३९.

ताळेबंद : ३६, ३९, ३८. गाडी एकाच जागी उभी आहे, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. मुदत असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागव. वेळ न पुरल्याने प्रश्न सुटले असतील तर तीन तासांचे पेपर लिहून लिहून ते सुधारतं. तरतूदच चुकीची लावली असेल तर विषय पायापासून करावा लागेल. इंटिग्रेटेडला पुस्तकं उघडी असतात खरी, पण केस स्टडीत डायरेक्ट टॅक्स येतोच, म्हणजे तीच कच्ची बाजू दोन्ही पेपरांत नडते.

आणखी एक. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा आलाय. कलमांचे क्रमांक बदललेत, 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलंय. तुझ्या अटेम्प्टला कोणता कायदा धरणार, ते इन्स्टिट्यूटच्या सूचनेत बघ. नवा असेल तर जुन्या नोट्सवर भिस्त ठेवू नकोस.

माझं मत : एकच अटेम्प्ट दे. पण परीक्षेच्या महिनाभर आधी अनोळखी पेपर वेळ लावून लिही आणि परक्या माणसाकडून तपासून घे. डायरेक्ट टॅक्स पंचेचाळिशीच्या पुढे गेला नाही तर तिथेच थांब.

विमलमावशी : बाळा, आमचा मुलगा पाच वर्षं एमपीएससी करत होता. वयाची अट पुष्कळ शिल्लक होती, तरी थांबला, आता तालुक्याला दुकान छान चाललंय. तुझी वयोमर्यादा कितीची आहे?

सडेतोड : मावशी, सीएला वयोमर्यादा नाही. म्हणून तर लोक थांबत नाहीत!

इंटरवर_थांबले : ताळेबंद, तुमचं गणित पटलं, सल्ला नाही. मी इंटर आणि आर्टिकलशिपवर थांबले, आज एका कारखान्याचं फायनान्स बघते. 'एकच अटेम्प्ट' मीही दोनदा म्हटलं होतं. घरी बसून म्हणण्यात आणि नोकरीत राहून म्हणण्यात फरक आहे. दादा, आधी नोकरी घ्या, अटेम्प्ट तिथूनच द्या. आर्टिकलशिपमधला अनुभव दिवसेंदिवस शिळा होतो, तीही किंमतच आहे.

ताळेबंद : ताई, जीएसटीच्या टेबलावर ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी. त्या आठवड्यांत पुस्तक उघडलं जात नाही. गुण आधीच ३८ वर अडकलेत, त्यात रात्री दमून अभ्यास केला तर घसरतीलच.

इंटरवर_थांबले : घसरले तर निदान पगार चालू असेल. शिवाय रोज काम केल्याने तरतुदी डोक्यात बसतात, हे तुम्ही धरतच नाही.

ताळेबंद : जीएसटीच्या बसतात. तो पेपर त्याचा सुटलाय.

नांदेडचा_पुण्यात : कंपनीला फोन केला. परीक्षेआधी महिनाभर बिनपगारी रजा मिळेल का, ते सोमवारी सांगतो म्हणाले. उत्तरपत्रिकेसाठी अर्ज केलाय. रजा मिळाली तर नोकरी धरून एकदा देईन. नाही मिळाली तर अजून ठरत नाही, वडील 'सोडू नको' म्हणतात, आणि साताठ लाख त्यांचेच आहेत.

सडेतोड : वडिलांना ३६, ३९, ३८ हे आकडे सांगितलेस का?