सोसायटीतल्या दुरुस्तीच्या तक्रारींची यादी सगळ्यांना दिसावी का?

तिसरा_मजला (मडगाव)
आमच्या सोसायटीत दुरुस्तीच्या तक्रारी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. सकाळी टाकलेली तक्रार संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या खाली जाते आणि मग कोणालाच आठवत नाही. फ्लॅट नंबर, तक्रार, तारीख आणि काम कुठवर आले एवढे लिहिलेली यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, असे मी सुचवले. कमिटी म्हणते, त्याने भांडणे वाढतील. तुमच्याकडे असे कोणी केले आहे का? करावे की करू नये?

माजी_सेक्रेटरी (म्हापसा)
करू नये. मी हे काम बरीच वर्षे सांभाळले आहे, मानधन न घेता, नोकरी करून. यादी लावली की पहिल्याच आठवड्यात लोक मोजायला लागतात, किती बाकी आहेत. त्यातल्या निम्म्या कामांना पैसे नसतात, काही पावसात करताच येत नाहीत, काहींसाठी वरच्या फ्लॅटची चावी हवी असते आणि मालक असतो दुबईला. कागदावर मात्र सगळ्यांपुढे एकच शब्द दिसतो: प्रलंबित. वर्षभर मेंटेनन्स न भरणारे सभासद तोच कागद घेऊन सर्वसाधारण सभेत उभे राहतात. मग पुढच्या वर्षी कमिटीत यायला कोणी तयार होत नाही. तक्रारी रजिस्टरमध्ये लिहाव्यात, ते रजिस्टर सेक्रेटरीकडे असावे, कोणी विचारले तर उत्तर द्यावे. एवढे पुरे.

गच्चीवरची (पर्वरी)
सेक्रेटरीसाहेब, तुमचा त्रास खरा आहे. पण तो यादी दाखवल्यामुळे झालेला नाही, यादीत थांबण्याचे कारण न लिहिल्यामुळे झालेला आहे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि गळतीची कामे बघते, म्हणून एका इमारतीची हकिगत जरा सविस्तर सांगते.

फोंड्याकडची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत. जूनच्या शेवटी 302 ची तक्रार आली की बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आहे. काही दिवसांनी 202 म्हणाले, स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग फुगला. मग तळमजल्यावरच्या मीटरच्या पेटीमागची भिंत ओली दिसली. तीन तक्रारी, तीन वेगवेगळ्या ओळी. 302 ने तक्रारीत कारणही स्वतःच लिहिले होते, "बाथरूम लीक, प्लंबर पाठवा". प्लंबर आला, नहाणी ट्रॅप बदलून गेला. ओळीपुढे "पूर्ण" असा शेरा पडला. मोठा पाऊस पडला आणि कोपरा पुन्हा ओला. परत नवीन तक्रार, नवीन नंबर, नवीन तारीख. कागदावर बघणाऱ्याला ही कालची तक्रार वाटणार.

त्या ओळी एकाखाली एक लावून बघितल्या तेव्हा दोन गोष्टी लगेच दिसल्या. सगळ्या तक्रारी एकाच उभ्या रांगेतल्या होत्या, आणि प्रत्येक तक्रार मोठ्या पावसानंतरची होती. बाथरूम गळत असेल तर उघडीप असतानाही ओल वाढते, कारण अंघोळ रोजची आहे. नळाची लाइन गळत असेल तर ओल कायम राहते आणि घरातले सगळे नळ बंद केले तरी पाण्याचा मीटर फिरत राहतो. फक्त पावसानंतर ओल येते म्हणजे पाणी वरून किंवा बाहेरून येते आहे. गच्चीवर गेलो तर पावसाळी पाइपाच्या तोंडात पालापाचोळा अडकलेला, पाणी साचलेले आणि कठड्याच्या बुडाशी स्लॅबला जोडणारा सिमेंटचा वाटा तडकलेला. तिथून पाणी भिंतीत उतरत होते.

पहिल्यांदा मीटरच्या पेटीकडे इलेक्ट्रिशियन पाठवला, कारण ते धोक्याचे काम होते. मग पाइपाचे तोंड साफ केले आणि उघडीप बघून तडा तात्पुरता भरला. कायमचे वॉटरप्रूफिंग पावसाळ्यात करू नका असे मी स्पष्ट सांगितले. ओल्या स्लॅबवर थर धरत नाही, आत अडकलेले पाणी त्या थराला उचकटून काढते. चवथ झाली, पाऊस गेला, स्लॅब सुकला, नोव्हेंबरमध्ये काम झाले. नंतर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर दोन बोटे पाणी 48 तास उभे ठेवले आणि खालचे छत तपासले.

आता यादीत हे कसे लिहायचे? चारही ओळी 302 च्या पहिल्या तक्रारीच्या नंबराखाली एकत्र केल्या, तारीख जूनचीच ठेवली. पुढे लिहिले: "गच्चीचा वाटा. तात्पुरते भरले. कायमचे काम पावसानंतर. पुढची तपासणी नोव्हेंबर." नोव्हेंबरनंतर लिहिले: "काम झाले, पाणी भरून तपासले, तक्रार जुलैपर्यंत उघडी." साचवलेल्या पाण्याने स्लॅब कळतो. वाऱ्याबरोबर भिंतीवर आडवा मार बसतो तो पावसाशिवाय कळत नाही. म्हणून जुलैत कोपरा कोरडा दिसल्यावरच तक्रार बंद झाली.

कायदा_वाचा (वास्को)
एवढे सगळे कशाला? आदर्श उपविधींत सरळ लिहिले आहे की गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतली सभासदाने. माझ्या भावाच्या ठाण्याच्या सोसायटीत तेच चालते. यादीत दोनच रकाने ठेवा, सोसायटीचे आणि सभासदाचे. सभासदाचे असेल ते यादीत घ्यायचेच नाही.

गच्चीवरची (पर्वरी)
गच्ची आणि बाहेरची भिंत सोसायटीची, ही विभागणी बहुतेक ठिकाणी तशीच असते, तेवढे बरोबर. पण ते उपविधी महाराष्ट्राचे. आपल्याकडे गोवा सहकारी संस्था कायदा 2001 चा आहे आणि तुमच्या सोसायटीचे नोंदणी झालेले उपविधी तेच बघायचे. कित्येक इमारतींत तर फक्त मेंटेनन्स सोसायटी असते, तिचे उपविधी आणखी वेगळे. दुसरे असे की तक्रार लिहिली जाते त्या दिवशी दोष कोणाचा हे माहीतच नसते. वरच्या गोष्टीत 302 ची ओल पहिल्या दिवशी "सभासदाची" ठरवून यादीबाहेर काढली असती, तर गच्चीपर्यंत कोणी गेलेच नसते. म्हणून रहिवाशाने फक्त दिसते ते लिहावे: कुठे ओल, कधी वाढते, कधी सुकते. कारण बघणाऱ्याने लिहावे. खर्च कोणाचा हे त्यानंतर.

वरचे_घर_बंद (दाबोळी)
माझेही हेच दुखणे आहे हो. वरच्या फ्लॅटचे मालक परदेशात, फ्लॅटला कुलूप. माझ्या हॉलच्या छताचे प्लास्टर पडले, आतली सळई गंजून फुगलेली दिसते. समुद्र जवळ असल्यामुळे इथे लोखंड लवकर खाते. सोसायटी म्हणते मालकाशी बोला, मालक फोन उचलत नाही. यादी करून माझे छत कसे दुरुस्त होणार ते सांगा.

गच्चीवरची (पर्वरी)
ताई, यादीने छत दुरुस्त होणार नाही. आधी एक करा, त्या छताखाली बसणे-झोपणे बंद करा आणि सळई एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. गंजलेली सळई जागा जास्त घेते आणि काँक्रीट ढकलून पाडते, त्यामुळे वरून नुसते प्लास्टर मारून घेऊ नका, ते पुन्हा पडेल. यादीचा उपयोग एवढाच की "मालकाच्या परवानगीसाठी थांबले, पत्र अमुक तारखेला पाठवले" हे लिहिलेले राहते. उद्या निबंधकांकडे जायची वेळ आली तर कमिटीने काय केले आणि कधी केले, ते दाखवता येते. त्यात कमिटीचेही रक्षण आहे.

माजी_सेक्रेटरी (म्हापसा)
थांबण्याचे कारण लिहायचे हे मला पटले. आमच्या रजिस्टरमध्ये तो रकानाच नव्हता. पैसे, पाऊस, चावी, वीज खाते, यातले काहीतरी एक लिहिले असते तर निम्मे प्रश्न मिटले असते. पण फ्लॅट नंबर सगळ्यांना दाखवायला माझा विरोध कायम आहे. 302 ला गळती आहे हे गावभर झाले की त्यांना फ्लॅट विकताना अडचण येते. आमच्याकडे एका कुटुंबाने याच कारणासाठी तक्रार लिहायचीच टाळली आणि ओल दोन मजले खाली उतरली.

तिसरा_मजला (मडगाव)
हे माझ्या डोक्यात आले नव्हते. मग लॉबीतल्या कागदावर फक्त तक्रारीचा नंबर आणि "दुसरा मजला, पूर्व बाजू" एवढेच लिहिले तर? फ्लॅट नंबर कमिटीच्या रजिस्टरमध्ये. ज्याची तक्रार त्याला आपला नंबर माहीत असतोच.

भाडेकरू (ताळगाव)
मजला आणि बाजू लिहिली तरी कोणाचे घर ते शेजाऱ्यांना कळणारच, पण चालेल. मला दुसरेच विचारायचे आहे. मी भाड्याने राहतो. तक्रार मी केली, प्लंबर माझ्या घरी आला, आणि बंद केली कोणी? सेक्रेटरीने, मला न विचारता. सिंकखालचा पाइप अजून ठिबकतो. माझे म्हणणे, तक्रार करणाऱ्याची सही असल्याशिवाय ओळ खोडू नये.

माजी_सेक्रेटरी (म्हापसा)
हे मी कधीच मान्य करणार नाही. काही लोक सही देतच नाहीत. काम नीट झालेले असते, पण रंगाची छटा जुळली नाही म्हणून सहा महिने तक्रार उघडी ठेवतात. कंत्राटदाराचे बिल अडकते आणि पुढच्या वेळी तो येत नाही. गोव्यात एक बरा प्लंबर टिकवणे किती कठीण आहे ते कमिटीत बसल्यावर कळते.

गच्चीवरची (पर्वरी)
बिल आणि तक्रार एकमेकांना बांधू नका. काम झाल्यावर बिल द्या, हवे तर थोडी रक्कम पाऊस होईपर्यंत राखून ठेवा आणि ते कोटेशन घेतानाच कंत्राटदाराला सांगा. पण भाडेकरूंचे म्हणणेही मी सोडणार नाही. निदान काम झाल्याचा निरोप त्यांना गेला पाहिजे आणि ठरावीक मुदतीत त्यांना "अजून ठिबकते" म्हणता आले पाहिजे. आणि तसे म्हटले तर जुनाच नंबर उघडायचा, नवीन द्यायचा नाही. नवीन नंबर दिला की तारीख कोरी होते आणि वर्षानुवर्षांचा दोष दर वेळी आठवड्याभराचा दिसतो. जुने रजिस्टर हातात आले की मी आधी हेच बघते, वर्षात एकाच जागेची एकच तक्रार किती वेळा "पूर्ण" झाली.

माजी_सेक्रेटरी (म्हापसा)
मुदत किती? गळतीला तुम्ही जुलैपर्यंत थांबायला सांगता, नळाला आठवडा पुरतो. प्रत्येक कामाला वेगळी मुदत कोण ठरवत बसणार?

तिसरा_मजला (मडगाव)
रविवारी आमची कमिटीची बैठक आहे. सुरुवातीला फक्त गच्ची आणि बाहेरच्या भिंतींच्या तक्रारी लॉबीत लावायच्या, पहिली तारीख आणि थांबण्याचे कारण यांसह, असे मांडतो. ॲप वगैरे नाही, आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना कागदच वाचता येतो. सहीचा प्रश्न मात्र आमच्याकडेही अडणार. चेअरमनचे म्हणणे सेक्रेटरीसाहेबांसारखेच आहे.

भाडेकरू (ताळगाव)
त्या कागदावर भाडेकरूंच्या तक्रारी घेणार की फक्त सभासदांच्या, तेही रविवारीच विचारा.