'नेट प्राइस'ला मराठीत काय म्हणावं?

गंधाली: अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांच्या 1931च्या लेखावर मराठीत लिहितेय. संपणाऱ्या खनिजाची नेट प्राइस व्याजदराने वाढते, हा त्यातला गाभा. मी 'निव्वळ किंमत' लिहिलं, पण ते वाचून बिलातली सूट वजा जाता उरलेली रक्कम डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द सुचवा.

चिरेखाणवाला: स्वामित्वधन! आमची जांभ्याची खाण आहे, तहसिलात हाच शब्द चालतो. पण ते व्याजाने वाढताना मी पाहिलं नाही. सरकार दर ठरवतं आणि तो तसाच राहतो.

जयंत: म्हणूनच तो शब्द नको. स्वामित्वधन ठरवलं जातं, ही रक्कम उरते. बाजारभावातून खणण्याचा खर्च गेला की राहते ती.

मीनल: म्हणजे खनिजाचा भाव दरवर्षी व्याजाइतका वाढतो, असंच ना?

जयंत: जवळ आलात, पण भाव नाही. आकडे घेऊ. साठा 190 टन, दोनच वर्षं, व्याज 10 टक्के, खणायला टनाला 20 रुपये. वर्षाला जितके टन विकू तितके 220मधून वजा केले की भाव मिळतो. दरवर्षी 95 टन काढले, तर दोन्ही वर्षी भाव 125 आणि हाती 105. पण आजचे 105 बँकेत टाकले तर पुढच्या वर्षी एकशे साडेपंधरा होतात. मग एक टन जमिनीत कशाला ठेवायचा? मालक आजच जास्त उपसतात, आजचा भाव उतरतो, उद्याचा चढतो. आज 100 टन आणि उद्या 90 टनांवर हे थांबतं. भाव 120 आणि 130, हाती 100 आणि 110. हातचे पैसे बरोबर 10 टक्क्यांनी वाढले, भाव मात्र सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास.

गंधाली: अरे वा! म्हणजे 'किंमत' शब्दानेच घोळ होतो. 'खंड' म्हटलं तर? कुळाने मालकाला द्यायचा तसा.

मीनल: खंड दिल्यावर शेत जागेवर राहतं. इथे टन उचलला की गेला. मला 'खंड' खटकतो.

चिरेखाणवाला: मला हिशोबच खटकतो. माझा परवाना काही वर्षांचाच. संपल्यावर खाली राहिलेला चिरा माझा कशावरून? शिवाय जसजसं खोल जावं तसा खर्च वाढतो. मी वाट बघत बसणार नाही.

जयंत: बरोबर आहे तुमचं. हक्काची खात्री नसेल तर माणूस घाईने उपसतो, जणू त्याचा व्याजदरच चढा आहे. खोलीबरोबर खर्च वाढत गेला, तर हा साधा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. नवे साठे सापडले की तर भावाची आखलेली वाटच खाली सरकते. म्हणून प्रत्यक्षातल्या भावांत हा नियम सरळ दिसत नाही. शब्दाचं म्हणाल तर मी 'जमिनीतला भाव' लिहीन: न खणलेल्या टनाचा भाव.

गंधाली: 'जमिनीतला भाव' आवडला. पण शीर्षकात वाचला तर लोकांना प्लॉटचा दर वाटेल.

मीनल: 'खाणीतला भाव'?

चिरेखाणवाला: आमच्याकडे त्याचा अर्थ खाणीवरून उचलतानाचा दर. त्यात खणणावळ धरलेली असते.