मदत हवी आहे: तारा न्यूट्रॉन तारा होणार की ब्लॅक होल, हे नेमकं कशावरून ठरतं?

शाहूपुरी_मास्तर

नमस्कार मंडळी. विज्ञान दिनासाठी आमच्या नववीच्या पोरांचा ताऱ्यांच्या शेवटावर तक्ता चाललाय. त्यात नेहमीचंच लिहिलं होतं: जन्मताना सूर्याच्या ८ ते २५ पट वस्तुमान असेल तर न्यूट्रॉन तारा, २५ च्या वर गेलं की ब्लॅक होल. मधे एक लाल रेघ.

एका पोरीनं कुठून तरी वेस्टरलुंड १ नावाचा तारकागुच्छ शोधून आणला. तिथं एक मॅग्नेटार आहे, म्हणजे जबरदस्त चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन ताराच. आणि तो ज्या ताऱ्यापासून झाला तो म्हणे ४० सूर्यांपेक्षा जड होता. आता ती विचारते, "सर, मग ही लाल रेघ खोडायची का?" मी इतिहासाचा माणूस, विज्ञानाचे सर रजेवर, म्हणून माझ्या गळ्यात पडलंय. रेघ कुठं ओढू? की ओढूच नको?

रंकाळ्याचा_वारा

मास्तर, सोपं आहे ओ. चंद्रशेखर मर्यादा, १.४ सूर्य. मेलेल्या ताऱ्याचा गाभा त्याच्या खाली राहिला तर न्यूट्रॉन तारा, वर गेला की ब्लॅक होल. जन्माचं वजन धरायचं नाही, गाभ्याचं धरायचं. विषय संपला.

दुर्बीणवाला_संज्या

मास्तर, हे वेस्टरलुंड ८ इंची दुर्बिणीतून दिसेल काय? गेल्या दिवाळीला घेतलीय, राजारामपुरीत गच्चीवर बसवलीय. शनी लई भारी दिसतोय, पण पुढं काय बघायचं कळेना.

मृगशीर्ष

वारा, गाभ्याकडे बघायचं हे तुमचं बरोबर, पण १.४ चा आकडा दुसऱ्याच जागचा आहे. इलेक्ट्रॉनांच्या दाबावर जो गाभा तग धरतो त्याची ती मर्यादा. ती ओलांडली की कोसळणं सुरू होतं, एवढंच. कोसळून थांबणार कुठं, ते तिथं ठरत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याची स्वतःची मर्यादा वेगळी आहे, सूर्याच्या दोनपटीहून थोडी जास्त. तिचा नेमका आकडा अजून कुणाला पक्का सांगता आलेला नाही, कारण इतक्या दाबाखाली पदार्थ कसा वागतो ते प्रयोगशाळेत करून बघता येत नाही. नीट मोजलेल्यांपैकी सर्वात जड न्यूट्रॉन ताऱ्यांत PSR J0740+6620 येतो, तो साधारण २.०८ सूर्य भरतो. तुमच्या हिशोबानं तो असायलाच नको होता.

मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या एका सेकंदात दडलंय, म्हणून तेवढाच सेकंद सांगतो.

जड ताऱ्याच्या पोटात शेवटी सिलिकॉन जळून लोखंड साठतं. २५ सूर्यांच्या आसपासच्या ताऱ्यात हा टप्पा जेमतेम दिवसभर चालतो. लोखंडातून पुढं ऊर्जा निघत नाही, त्यामुळे गाभा नुसता वाढत जातो आणि मर्यादेला पोचला की ढासळतो. चंद्राएवढा असलेला गाभा अर्ध्या सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरवर येतो. तिथं अणुकेंद्रकांइतकी घनता झाली की आतला भाग एकदम ताठ होतो आणि वरून पडणारं द्रव्य त्यावर आपटून धक्क्याची लाट बाहेर निघते.

पूर्वी वाटायचं की हीच लाट तारा फोडते. गणितं केल्यावर कळलं की ती दीडशे किलोमीटरच्या आसपासच दम टाकते. बाहेरून लोखंड पडतच असतं आणि ते फोडण्यात लाटेची ताकद खर्ची पडते. आता दोन गोष्टींची शर्यत लागते. आतल्या तापलेल्या नवजात न्यूट्रॉन ताऱ्यातून न्यूट्रिनो, म्हणजे सहसा कशातच न अडकणारे बारीक कण, बाहेर पडतात आणि त्यांतले थोडे लाटेमागचा पदार्थ तापवून तिला पुन्हा उठवायला बघतात. दुसऱ्या बाजूनं वरचं द्रव्य कोसळत असतं, ते लाटेला दाबतंही आणि आतल्या गोळ्याचं वजनही वाढवतं. लाट वेळेत उठली तर सुपरनोव्हा, आत उरतो न्यूट्रॉन तारा. नाही उठली तर गोळा आपली मर्यादा ओलांडतो आणि ब्लॅक होल. म्हणजे ब्लॅक होल व्हायच्या वाटेवरही बहुतेक वेळा आधी काही क्षण न्यूट्रॉन तारा असतोच.

अनुजा_क

म्हणजे प्रश्न वजनाचा नाही, द्रव्य किती वेगानं खाली पडतं त्याचा आहे?

मृगशीर्ष

हो ताई, बरोब्बर. आणि ते ठरतं गाभ्याच्या भोवतीचा माल किती दाटीनं भरलाय त्यावर. आतला २.५ सूर्यांइतका माल ५,००० किलोमीटरच्या त्रिज्येत बसला असेल तर तो पटापट येऊन आदळणार, लाटेला उठायला उसंत नाही. तेवढाच माल २५,००० किलोमीटरपर्यंत विरळ पसरलेला असेल तर पडण्याचा लोंढा लवकर ओसरतो आणि न्यूट्रिनोंचं काम सोपं होतं. २०११ मध्ये ओ'कॉनर आणि ऑट या दोघांनी यासाठी एक साधा अंक सुचवला, तेव्हापासून सगळे तो वापरतात.

गंमत म्हणजे हा अंक जन्माच्या वस्तुमानाबरोबर सरळ चढत नाही. आत कार्बन कसा जळाला, त्याचे थर कुठं बसले, यावर तो वरखाली होतो. एका गाजलेल्या गणितमालेत २२ ते २५ सूर्यांचे तारे बहुतेक फुटलेच नाहीत आणि त्याहून थोडे जड, २६-२७ चे, पुन्हा फुटले. म्हणून मास्तर, तुमची लाल रेघ खोडाच. तिथं ठिपक्यांचा पट्टा काढा, काही ठिपके एका रंगाचे, काही दुसऱ्या.

रंकाळ्याचा_वारा

म्हणजे तालमीत पहिल्या दिवशी काट्यावर किती भरला होता ते विचारू नका, फडात उतरताना अंगात काय आहे ते बघा. आता कळालं. पण मृगशीर्ष सर, १.४ अगदीच फालतू ठरवू नका, आम्ही शाळेत तेच पाठ केलंय.

शाहूपुरी_मास्तर

सर, लई उपकार. पण त्या पोरीचा ४० वाला राहिलाच की. तो तर तुमच्या पट्ट्याच्याही वर गेला.

मृगशीर्ष

त्याचाच हिशोब मांडतो. आधी बघा, ४० आले कुठून? मेलेला तारा कुणी वजन करून ठेवला नव्हता. गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी जन्मले असं धरतात. जड तारा लवकर मरतो. आज त्या गुच्छात ३५-४० सूर्यांचे तारे जिवंत दिसतात, म्हणजे जो आधीच मेला तो त्यांच्यापेक्षा जड असणार. क्ष-किरणांच्या चंद्रा दुर्बिणीतून हा मॅग्नेटार सापडला आणि २००६ मध्ये हा युक्तिवाद छापून आला.

मग इतका जड असून ब्लॅक होल का नाही? सर्वात पटणारं उत्तर जोडीदाराचं आहे. तो तारा जोडीत असेल आणि दुसऱ्यानं त्याचं वरचं हायड्रोजनचं आवरण लवकर ओढून घेतलं असेल, तर उघडा पडलेला हेलियमचा गाभा पुढं वाढत नाही. उलट स्वतःच्या वाऱ्यात, म्हणजे पृष्ठभागावरून सतत उडणाऱ्या द्रव्याच्या झोतात, वस्तुमान उधळत राहतो. मरताना आतलं द्रव्य विरळ असतं आणि तो फुटतो. २०१४ मध्ये त्याच गुच्छातून पळत सुटलेला एक तारा जोडीदार म्हणून पुढं केला गेला. सुपरनोव्हाच्या धक्क्यानं जोडी तुटून तो भिरकावला गेला, असं म्हणणं आहे.

जड तारे बहुतेक जोडीतच जन्मतात, त्यामुळे हा अपवाद समजू नका. याउलट, ताऱ्यात जन्मतः जड मूलद्रव्यं कमी असतील तर वारा मंद राहतो, वस्तुमान टिकतं आणि ब्लॅक होलही मोठा होतो. गाया या अवकाश दुर्बिणीला सापडलेला ३३ सूर्यांचा BH3 नावाचा ब्लॅक होल अशाच एका जुन्या, जड मूलद्रव्यांनी गरीब ताऱ्याच्या जोडीत आहे.

संज्या, तुमच्यासाठी: वेस्टरलुंड १ पीठ तारकासमूहात आहे, वृश्चिकाच्या खाली. कोल्हापुरातून तो दक्षिणेला जास्तीत जास्त २७ अंश वर येतो, पण मधे इतकी धूळ आहे की गच्चीवरून काही हाती लागणार नाही. थंडीत वृषभेतला क्रॅब शोधा. १०५४ च्या सुपरनोव्हाचा तो ढग फिकट पुसट दिसेल. आत न्यूट्रॉन तारा आहे, तो दिसणार नाही.

अनुजा_क

एक आडवा प्रश्न. मी वाचलं होतं की त्या गुच्छातल्या लाल महाताऱ्यांवरून वय काढलं तर ते जवळपास एक कोटी वर्षं येतं. मग तर मेलेला तारा ४० चा नसेलच ना? एवढ्या वयाला २० च्या आसपासचे तारे मरतात.

मृगशीर्ष

हो, २०२१ चा तो निकाल आहे आणि वाद मिटलेला नाही. एकाच गुच्छात दोन वयांचे तारे असतील, असंही काही म्हणतात. त्यामुळे मास्तर, त्या पोरीच्या नावानं तक्त्यावर "४०?" असं प्रश्नचिन्हासह लिहा. माझ्याही पट्ट्याला प्रश्नचिन्ह हवंच. त्रिमितीत गणितं करणाऱ्या प्रिन्स्टनच्या गटाला अलीकडे असंही दिसलंय की दाट गाभे उलट जोरात फुटतात, कारण त्यांच्यातून न्यूट्रिनोही जास्त निघतात. मी वर सांगितलेली दाटीची गोष्ट त्यांना इतकी सरळ मान्य नाही.

दुर्बीणवाला_संज्या

पण न फुटता गपकन ब्लॅक होल झालेला तारा कुणी बघितलाय काय? का सगळं कागदावरच?

मृगशीर्ष

एक संशयित आहे. NGC 6946 या दीर्घिकेत २५ सूर्यांच्या आसपासचा एक लाल महातारा २००९ मध्ये काही महिने उजळला आणि मग दृश्य प्रकाशात नाहीसाच झाला. फुटला असता तर मागं मोठा झगमगाट दिसला असता. नाव पडलं N6946-BH1. पण वेब दुर्बिणीनं २०२३ मध्ये त्या जागी अवरक्त उजेड दाखवला, तोही एकाहून जास्त ठिपक्यांचा. त्यामुळे दोन तारे एकमेकांत मिसळून धुळीआड गेले असतील, असंही म्हणतात. धूळ हटून तारा पुन्हा दिसला तर ब्लॅक होलची केस बाद.

पक्का पुरावा न्यूट्रिनोच देतील. १९८७ ला शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघात तारा फुटला तेव्हा तीन ठिकाणी मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो सापडले, १२-१३ सेकंदांत पसरलेले. म्हणजे तेवढा वेळ तरी आत न्यूट्रॉन तारा टिकून होता. तो आजही तिथं असल्याच्या खुणा वेबला मिळाल्या, त्या २०२४ मध्ये छापून आल्या. आपल्याच आकाशगंगेत पुढचा तारा कोसळला तर जपानच्या सुपर-कामिओकांडेत हजारोंनी न्यूट्रिनो येतील. तो प्रवाह हळूहळू मंदावला तर न्यूट्रॉन तारा. एका क्षणी कापल्यासारखा थांबला तर त्याच क्षणी ब्लॅक होल झालं.

शाहूपुरी_मास्तर

ठरलं. रेघ काढून टाकतोय. तक्त्यावर एकाच ताऱ्यापासून दोन वाटा, मधे "लाट उठली का?" असा चौकोन, आणि बाजूला तीन बाण: आतली दाटी, जोडीदार, वारा. पोरगी म्हणते चौथा बाण "फिरण्याचा वेग" हवा. घालू का?

मृगशीर्ष

घाला, पण बारीक. वेगाचा परिणाम असतो, गाभा किती फिरत असतो ते मात्र फार कमी ताऱ्यांबाबत ठाऊक आहे.

रंकाळ्याचा_वारा

आणि १.४ कुठं घालणार?

शाहूपुरी_मास्तर

चौकोनाच्या अलीकडे, "कोसळायला सुरुवात" म्हणून. तुमचा मान राखलाय.